पाहुण्याच्या घरात पेन ड्राइव्ह

दिवाळी अंकाचे दिवस होते. ओळखीच्या एक काकू घरच्या घरी डीटीपीची कामं करतात. एका दुपारी त्यांचा फोन आला. "अरे, पेन ड्राइव्ह लावलाय, लॅपटॉपवर दिसतोय, पण एक्सपीत काही येत नाही. संध्याकाळी फाइल छापखान्यात जायची आहे."

काकूंची जुनी कामं पेजमेकरमध्ये, जुन्या फाँटांत आहेत. वीसेक वर्षांत साठलेली पुस्तकं, पत्रिका, स्मरणिका, सगळं त्यातच. ते सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर नीट चालेना, तेव्हा भाच्याने त्यांना एक युक्ती करून दिली. विंडोज 10 च्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स नावाचा प्रोग्राम टाकला आणि त्याच्या आत विंडोज एक्सपी बसवलं. एका खिडकीत नवं विंडोज, दुसऱ्या खिडकीत जुनं. संगणकाच्या भाषेत बाहेरचा लॅपटॉप हा होस्ट, म्हणजे यजमान, आणि आतलं एक्सपी हा गेस्ट, म्हणजे पाहुणा. मायक्रोसॉफ्टने एक्सपीला सुरक्षेचे अपडेट देणं 8 एप्रिल 2014 रोजी थांबवलं. म्हणून भाच्याने शहाणपणाने या पाहुण्याचं इंटरनेट बंद ठेवलं होतं. फाइल आत-बाहेर करायची तर पेन ड्राइव्हनेच, असा काकूंचा शिरस्ता. आणि नेमका तोच अडला होता.

त्या संध्याकाळी आम्ही चार वेळा अडखळलो. चारही ठेचा या कामात नेहमी लागणाऱ्या आहेत, म्हणून क्रमाने सांगतो.

भिंतीपलीकडचं पोर्ट

लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लावला की तो आपोआप यजमानाचा होतो. आतल्या एक्सपीला लॅपटॉपची खरी पोर्टं दिसतच नाहीत. त्याला दिसतो तो व्हर्च्युअलबॉक्सने सॉफ्टवेअरमध्ये उभा केलेला खोटा संगणक: खोटी डिस्क, खोटं नेटवर्क कार्ड आणि खोटा यूएसबी कंट्रोलर. पेन ड्राइव्ह पाहुण्याला द्यायचा म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सने तो यजमानाकडून काढून घ्यायचा आणि या खोट्या कंट्रोलरला जोडायचा. त्यासाठी एक्सपीची खिडकी चालू असताना वरच्या `Devices` मेनूत `USB` वर जायचं आणि यादीतल्या पेन ड्राइव्हच्या नावावर खूण करायची. त्या क्षणी तो बाहेरच्या विंडोजमधून नाहीसा होतो. एका वेळी तो एकाचाच असतो, दोघांचा कधीच नाही.

म्हणून खूण करण्याआधी बाहेरच्या विंडोजमध्ये त्या ड्राइव्हवरच्या सगळ्या फाइली बंद करायच्या. व्हर्च्युअलबॉक्स ड्राइव्ह काढून घेतो तेव्हा यजमानाच्या दृष्टीने कोणीतरी तो न विचारता उपसलेला असतो. त्या वेळी बाहेर कॉपी चालू असेल तर फाइल अर्धवट राहते. परत आणतानाही तेच पथ्य: आधी एक्सपीच्या घड्याळाशेजारच्या हिरव्या बाणाच्या चिन्हावरून ड्राइव्ह सुरक्षितपणे काढायचा, मग `Devices` मधली खूण काढायची.

काकूंनी खूण केली होती. तरीही ड्राइव्ह आत येत नव्हता. तेव्हा आम्ही खोट्या कंट्रोलरकडे वळलो.

तीन पर्याय, एकच योग्य

एक्सपी पूर्ण बंद केलं. नुसतं `Save State` करून चालत नाही, कारण गोठवलेल्या यंत्राचं हार्डवेअर बदलता येत नाही. मग व्हर्च्युअलबॉक्सच्या मुख्य खिडकीत `Settings` आणि त्यात `USB` उघडलं. तिथे तीन पर्याय असतात:

```
USB 1.1 (OHCI) Controller
USB 2.0 (OHCI + EHCI) Controller
USB 3.0 (xHCI) Controller
```

कंसातली अक्षरं कंट्रोलरच्या जातीची आहेत. पहिला सगळ्यांत जुना, सेकंदाला जास्तीत जास्त 12 मेगाबिट वाहणारा. माउस-कीबोर्डला तो पुरतो. पेन ड्राइव्ह त्यावर चाललाच, तर व्यवहारात सेकंदाला जेमतेम एक मेगाबाइट पुढे सरकतो आणि 700 मेगाबाइटच्या अंकाला बारा-एक मिनिटं लागतात. दुसरा 480 मेगाबिटचा. त्याच्या नावात दोन जाती आहेत, कारण ईएचसीआयला फक्त वेगवान उपकरणं सांभाळता येतात. हळू उपकरणं आली तर ती शेजारच्या जुन्या ओएचसीआयकडे जातात. तिसरा 5 गिगाबिटचा. तो हळू-वेगवान सगळी उपकरणं एकटाच सांभाळतो.

आकडे पाहून हात साहजिकच तिसऱ्याकडे जातो. भाच्याने आदल्या दिवशी फोनवरून काकूंना तेच सुचवलं होतं. पेन ड्राइव्ह 3.0 चा, लॅपटॉपचं पोर्ट 3.0 चं, मग कंट्रोलरही 3.0 चा. वरवर पाहता बिनचूक हिशोब. पण त्यात एक जण राहून गेला होता: खुद्द पाहुणा. खोटा असला तरी कंट्रोलर हे एक हार्डवेअर आहे, आणि ते चालवायला गेस्टकडे त्याचा ड्रायव्हर लागतो. एक्सपी आलं 2001 मध्ये, यूएसबी 3.0 चं मानक ठरलं 2008 मध्ये. पुढे काय येणार हे एक्सपीला माहीत असण्याची शक्यताच नव्हती. असा कंट्रोलर दिला तर आत `Device Manager` मध्ये पिवळं उद्गारचिन्ह लावलेली ही ओळ दिसते:

```
Universal Serial Bus (USB) Controller
```

ही ओळ `Other devices` खाली दिसली की समजावं, पोर्ट आहे पण ते चालवणारं कोणी नाही. त्याला हवे तेवढे पेन ड्राइव्ह जोडा, आत काहीही उमटणार नाही.

म्हणून कंट्रोलरची आवृत्ती पेन ड्राइव्हकडे बघून ठरवू नये, गेस्टच्या वयाकडे बघून ठरवावी. एक्सपीला सर्व्हिस पॅक 1 पासून 2.0 चा ड्रायव्हर अंगचाच आहे, त्यामुळे एक्सपीसाठी 2.0. विंडोज 7 मध्येही 3.0 चा ड्रायव्हर मुळात नाही. व्हर्च्युअलबॉक्सचा खोटा 3.0 कंट्रोलर इंटेलच्या 7 मालिकेतल्या चिपसेटची नक्कल करतो, म्हणून इंटेलचा त्या चिपसेटसाठीचा ड्रायव्हर विंडोज 7 मध्ये टाकला की तोही चालतो. ती खटपट नको असेल तर तिथेही 2.0 ठेवावा. विंडोज 8 पासून पुढच्या सगळ्या आवृत्त्यांना आणि गेल्या दशकभरातल्या कुठल्याही लिनक्सला 3.0 बिनधास्त द्यावा.

पॅकची गरज, आणि परवान्यातली ओळ

आम्ही 2.0 निवडला आणि एक्सपी सुरू करायला गेलो, तर ते सुरूच होईना. पडद्यावर एक लांब संदेश आला. त्याची पहिली ओळ अशी:

```
Implementation of the USB 2.0 controller not found!
```

पुढे सुचवलं होतं की एक्स्टेंशन पॅक टाका, नाहीतर 2.0 बंद करा. काकूंच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्सची 6.1 ही आवृत्ती होती, आणि गोम तिथेच होती.

व्हर्च्युअलबॉक्स दोन भागांत येतो. मूळ प्रोग्राम मुक्त स्रोताचा, कुणीही कशासाठीही वापरावा असा. त्याच्या जोडीला एक्स्टेंशन पॅक नावाची वेगळी फाइल. 2010 च्या डिसेंबरात आलेल्या 4.0 आवृत्तीपासून हा पॅक वेगळा झाला. 6.1 पर्यंत मूळ प्रोग्राममध्ये फक्त 1.1 चा कंट्रोलर होता, 2.0 आणि 3.0 चे कंट्रोलर पॅकमध्ये होते. त्यामुळे इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत सगळे एकच सांगतात: पेन ड्राइव्ह चालत नाही? पॅक टाका. तेव्हा ते खरंच होतं.

पॅक उतरवून घ्यायला मी बसलो. त्यात दोन पथ्यं पाळायची असतात. पॅकची आवृत्ती मूळ प्रोग्रामच्या आवृत्तीशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळली पाहिजे. व्हर्च्युअलबॉक्स अद्ययावत केला आणि पॅक जुनाच राहिला, तर कालपर्यंत चालणारं यूएसबी आज चालत नाही, आणि माणूस पेन ड्राइव्हला दोष देत बसतो. दुसरं, पॅक यजमानावर टाकायचा असतो, गेस्टच्या आत नाही. गेस्टच्या आत टाकतात ते गेस्ट ॲडिशन्स. त्याचं काम वेगळं: माउस अडखळू न देणं, खिडकीच्या मापाप्रमाणे पडदा लहान-मोठा करणं, फोल्डर वाटून घेणं. त्याचा पेन ड्राइव्हशी संबंध नाही. या दोन नावांत लोकांची हमखास गल्लत होते.

पॅक टाकताना परवान्याचं पान समोर येतं. आपण सगळे ते न वाचता खाली सरकवतो. मीही सरकवलंच असतं, पण काकू शेजारी चष्मा लावून बसल्या होत्या. प्रुफं तपासायची सवय असलेल्या माणसाला समोर मजकूर आला की तो वाचावाच लागतो. "हे वैयक्तिक वापरासाठी लिहिलंय ना?" त्या म्हणाल्या. "मी तर याचं बिल लावते लोकांना."

त्यांचं बरोबर होतं. मूळ प्रोग्राम सगळ्यांना मोकळा आहे. पॅक मात्र वैयक्तिक वापरासाठी, शिक्षणासाठी आणि तपासून पाहण्यासाठीच फुकट आहे. धंद्यासाठी वापरायचा तर ओरॅकल या कंपनीकडून परवाना विकत घ्यावा लागतो.

सुटका दुसऱ्या बाजूने होती. ऑक्टोबर 2022 मध्ये व्हर्च्युअलबॉक्सची 7.0 आवृत्ती आली. त्यात 2.0 आणि 3.0 चे दोन्ही कंट्रोलर पॅकमधून काढून मूळ प्रोग्राममध्ये आणले गेले. तेव्हापासून पेन ड्राइव्हसाठी पॅक लागतच नाही. तो आता इतर कामांना लागतो: लॅपटॉपचा वेबकॅम गेस्टला द्यायचा असेल, गेस्टचा पडदा दूरच्या संगणकावरून रिमोट डेस्कटॉपने पाहायचा असेल, किंवा गेस्टची डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट, करायची असेल तर. यातलं काहीच करायचं नसेल तर पॅकच्या वाटेला जायचं कारण नाही.

आपली आवृत्ती कोणती हे `Help` मेनूतल्या `About VirtualBox` मध्ये दिसतं. आम्ही एक्सपी बंद असल्याची खात्री केली, त्याच्या डिस्कची फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करून ठेवली आणि मूळ प्रोग्राम 7 च्या मालिकेवर नेला. पॅक न टाकता 2.0 चा पर्याय निवडला. एक्सपी सुरळीत सुरू झालं.

पोर्ट शिल्लक नाही म्हणे

आता `Devices` मध्ये जाऊन पेन ड्राइव्हच्या नावावर खूण केली, तर तिसरी ठेच लागली:

```
Failed to create a proxy device for the USB device.
(Error: VERR_PDM_NO_USB_PORTS)
```

शब्दशः अर्थ, यूएसबी पोर्ट उरलेलं नाही. काकूंनी लॅपटॉपची कड बोटाने चाचपत पोर्टं मोजली. "दोन तर रिकामी आहेत!" संदेश त्या पोर्टांबद्दल नव्हता. खोट्या कंट्रोलरवर या वेगाच्या उपकरणाला बसेल असं पोर्ट नाही, एवढंच त्याला सांगायचं होतं. काकूंचा नवा 64 जीबीचा पेन ड्राइव्ह 3.0 चा होता आणि लॅपटॉपच्या निळ्या पोर्टात होता. तिथे तो 3.0 च्या वेगाने बोलत होता, आणि पाहुण्याकडे 2.0 च्याच खुर्च्या होत्या.

अंदाज खरा आहे का हे पाहायचं असेल तर बाहेरच्या विंडोजमध्ये काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडून एवढं टाइप करावं:

```
cd "C:\Program Files\Oracle\VirtualBox"
VBoxManage list usbhost
```

लॅपटॉपला जोडलेल्या प्रत्येक यूएसबी उपकरणाची माहिती ओळीओळीने येते. त्यात `USB version/speed` ही ओळ शोधायची. तिथे `Super` लिहिलं असेल तर उपकरण 3.0 च्या वेगाने जोडलेलं आहे, `High` असेल तर 2.0 च्या. आमच्या पडद्यावर `Super` होतं.

यावर उपाय इतका साधा की काकूंना आधी ती गंमत वाटली. पेन ड्राइव्ह काढायचा आणि लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या काळ्या, 2.0 च्या पोर्टात लावायचा. 3.0 चा पेन ड्राइव्ह जुन्या पोर्टात गेला की आपोआप 2.0 च्या वेगावर उतरतो. त्याच्या पट्टीवर जुन्या चार स्पर्शपट्ट्या मुद्दाम तेवढ्यासाठीच ठेवलेल्या असतात. तीच कमांड पुन्हा चालवली, आता `High` आलं. ज्यांच्या लॅपटॉपला सगळी पोर्टं 3.0 चीच आहेत, त्यांनी मधे 2.0 चा स्वस्तातला हब लावला तरी हाच परिणाम मिळतो.

लिनक्सचा यजमान असणाऱ्यांना मात्र वेगळ्याच ठिकाणी अडायला होतं. तिथे `Devices` मधली यादीच कोरी दिसते. कारण एवढंच की वापरणारा माणूस `vboxusers` या गटात नसतो. टर्मिनलमध्ये पुढची ओळ द्यायची, मग लॉगआउट करून पुन्हा आत यायचं. लॉगआउट विसरलं तर यादी कोरीच राहते.

```
sudo usermod -aG vboxusers $USER
```

"नाही" म्हणायची वेळ

काळ्या पोर्टातून खूण केल्याबरोबर एक्सपीत तो ओळखीचा टुंग असा आवाज आला. `My Computer` मध्ये नवा ड्राइव्ह उमटला. काकूंनी त्यावर दोनदा क्लिक केलं, आणि एक्सपीने विचारलं की हा ड्राइव्ह फॉरमॅट केलेला नाही, आता करायचा का?

काकूंचा हात `Yes` वर जाणार तोच मी त्यांना थांबवलं. त्या ड्राइव्हवर एका गिऱ्हाइकाने दिलेले फोटो होते. बाहेरच्या विंडोज 10 मध्ये ते धडधडीत दिसत होते. मग एक्सपीला तो कोरा का वाटला? 64 जीबी आणि त्याहून मोठे पेन ड्राइव्ह बहुधा एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात, आणि मायक्रोसॉफ्टचं वेगळं अपडेट टाकल्याशिवाय एक्सपीला एक्सफॅट वाचता येत नाही. न कळणाऱ्या लिपीतला कागद कोरा आहे असं म्हणण्यातला तो प्रकार. इथे यूएसबीचं काम संपलेलं असतं. कंट्रोलर, ड्रायव्हर, वेग सगळं जुळलेलं असतं. अडतं ते फक्त वाचन. पण `Yes` म्हटलं असतं तर फोटो गेले असते.

आम्ही पेन ड्राइव्ह यजमानाकडे परत घेतला, फोटो लॅपटॉपवर कॉपी केले आणि विंडोज 10 मधूनच ड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केला. एक्सपीला ती चांगली वाचता येते. जुनी फॅट32 पद्धतही चालली असती, पण विंडोज 10 ची फॉरमॅटची खिडकी 32 जीबीहून मोठ्या ड्राइव्हला फॅट32 चा पर्याय देत नाही, आणि फॅट32 वर 4 जीबीहून मोठी एकच फाइल मावत नाही. पुन्हा काळ्या पोर्टात, पुन्हा `Devices` मध्ये खूण. ड्राइव्ह उघडला. फाइल साडेसातला छापखान्यात पोचली.

रोजची सोय

दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, दर वेळी मेनूत जाऊन खूण करायची का? त्याची गरज नाही. एक्सपी बंद असताना `Settings` मधल्या `USB` पानावर उजवीकडे हिरव्या अधिक चिन्हाचं बटण असतं. पेन ड्राइव्ह लावून ते दाबलं आणि यादीतून त्याचं नाव निवडलं की त्याचा फिल्टर तयार होतो. एक्सपी चालू असताना तो ड्राइव्ह लावला की सरळ आत जातो. फिल्टर केल्यावर एकदा ड्राइव्ह काढून पुन्हा लावावा, म्हणजे तो नव्याने ओळखला जातो.

तिथेच शेजारी कोरा फिल्टर बनवणारं बटणही असतं. ते टाळावं. कोऱ्या फिल्टरला कोणतीच अट नसते, त्यामुळे तो लावलेलं प्रत्येक उपकरण आत ओढतो. त्यात तुमचा यूएसबी माउस गेला तर बाहेरच्या खिडक्या चालवायला हाती काही उरत नाही. तयार झालेल्या फिल्टरमध्ये उपकरणाचा क्रमांकही, म्हणजे `Serial No.`, भरलेला असतो, त्यामुळे तो त्याच एका पेन ड्राइव्हला लागू पडतो. गिऱ्हाइकांचे वेगवेगळे पेन ड्राइव्ह येत असतील तर त्यांच्यासाठी फिल्टर करूच नये. हाताने खूण करणंच बरं, निदान कोणता ड्राइव्ह आत जातोय ते तरी दिसतं.

एवढं सगळं जमल्यावर मी काकूंना एक गोष्ट सांगितली, ती इथेही सांगतो. नुसत्या फाइली आत-बाहेर करायच्या असतील तर पेन ड्राइव्ह गेस्टला जोडायची गरजच नसते. गेस्ट ॲडिशन्स टाकले की `Settings` मधल्या `Shared Folders` मध्ये लॅपटॉपवरचा एक फोल्डर एक्सपीला वाटून देता येतो. पेन ड्राइव्ह यजमानाकडेच राहतो, आणि मग कंट्रोलर, ड्रायव्हर, एक्सफॅट यांपैकी एकही प्रश्न उरत नाही. पेन ड्राइव्ह खरोखर आत न्यावा लागतो तो गेस्टला ते उपकरणच प्रत्यक्ष दिसायला हवं असेल तेव्हा. जुन्या सॉफ्टवेअरचं यूएसबी कुलूप हे त्याचं नेहमीचं उदाहरण. ते कुलूप नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि फोल्डर वाटून ते कुलूप आत जात नाही.

काकूंच्या फाँटांना असं एक कुलूप आहे. ते काळ्या पोर्टात बसलेलं असतं, त्याला स्वतःचा फिल्टर आहे आणि कंट्रोलर 2.0 चा आहे. फोटो मात्र आता वाटलेल्या फोल्डरमधून जातात.